सोलकढीची बाटली: टोर्नेडो चार्टमधली सगळ्यात लांब पट्टी कोणाची?

रत्नागिरी जिल्ह्यातली एक मध्यम कंपनी कोकम आगळ, आमसुलं आणि सरबतं विकते. तिला आता २०० मिलीच्या बाटलीत तयार सोलकढी बाजारात आणायची आहे. त्यासाठी ९० लाखांची भरणी-तापवणी यंत्रणा घ्यावी लागेल. मालकांचा प्रश्न साधा आहे: हे पैसे घालायचे का, आणि घातले तर झोप कशाने उडेल? कंपनी कल्पनेतली आहे आणि आकडे या प्रकरणासाठी बेतलेले आहेत. गणित मात्र शेवटपर्यंत जुळतं, कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर तेच आकडे तुम्हालाही मिळतील.

आधी हिशेबाचा सांगाडा. बाटलीची एमआरपी ४० रुपये. दुकानदार, वितरक, कर आणि स्कीम वजा जाता कंपनीच्या हाती २५ रुपये पडतात. ४ टक्के माल मुदत संपून परत येईल असं धरलं आहे, म्हणजे खरे हाती २४. खर्चाच्या बाजूला, एका नारळात तीन बाटल्या निघतात आणि नारळ २४ रुपयांना पडतो, म्हणून बाटलीमागे नारळाचे ८ रुपये. आगळाचा दीड, बाटली-झाकण-लेबल-खोक्याचे साडेचार, इंधन आणि वाहतुकीचे अडीच. एकूण साडेसोळा. बाटलीमागे साडेसात रुपये सुटतात.

खपाचा अंदाज असा: १,५०० दुकानं, प्रत्येक दुकानात महिन्याला ६० बाटल्या, म्हणजे वर्षाला १० लाख ८० हजार. हा पूर्ण खप तिसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी त्याच्या ४० टक्के, दुसऱ्या वर्षी ७० टक्के. स्थिर खर्च वर्षाला १८ लाख. खेळतं भांडवल १२ लाख, ते पाचव्या वर्षाच्या शेवटी मोकळं होतं. यंत्रणेचा घसारा पाच वर्षांत समान आणि शेवटी भंगाराची किंमत शून्य. कर २५ टक्के, आणि एखाद्या वर्षी तोटा झाला तर तो कंपनीच्या इतर नफ्यातून वळता होतो. पुढच्या वर्षांतले पैसे आजच्या किमतीत आणायचा वटावाचा दर १४ टक्के. एवढं मांडलं की आजच्या किमतीत सगळी आवक वजा गुंतवणूक, त्याचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, ३५.९ लाख येतो.

एक्सेलमध्ये इथेच पहिली ठेच लागते. `NPV` हे फंक्शन दिलेल्या पहिल्याच रकमेला एक वर्षाचा वटाव लावतं. आज घातलेले पैसे त्याच्या कंसात टाकले तर गुंतवणूक उगाच स्वस्त दिसते. ती बाहेर ठेवायची:

```
=NPV(B2, C20:G20) + B20
```

`B20` मध्ये आजची रक्कम उणे चिन्हासह, `C20:G20` मध्ये पुढची पाच वर्षं.

चार्ट काढण्याआधी अजून एक आकडा काढून ठेवावा. पाच वर्षांत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांनाही पैशासारखाच वटाव लावला तर त्या २८.९ लाख भरतात. त्यातून कर वजा केला की निष्कर्ष असा: बाटलीमागे एक रुपया कुठेही वाढला किंवा सुटला तर एनपीव्ही २१.७ लाखांनी हलतो. हा एक आकडा डोक्यात असला की पुढच्या बहुतेक पट्ट्या तोंडी मोजता येतात, आणि शीटने काही भलतंच दाखवलं तर लगेच कळतं. शीटवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांनी हा आकडा आधी काढलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

आता पहिला चार्ट. कंपनीच्या लेखापालांनी तो बहुतेक जण काढतात तसाच काढला: प्रत्येक गृहीतक १० टक्के खाली, मग १० टक्के वर, बाकी सगळी जागच्या जागी. ज्या गृहीतकाने एनपीव्ही सगळ्यात जास्त हलतो त्याची पट्टी वर, मग उतरत्या क्रमाने बाकीच्या. यालाच टोर्नेडो चार्ट म्हणतात. सगळ्यात वर आला हाती पडणारा दर. २५ चे साडेबावीस झाले तर एनपीव्ही उणे १६.१ लाख, साडेसत्तावीस झाले तर ८७.९ लाख. त्याच्या खाली नारळ: १८.६ ते ५३.२. मग दुकानामागचा उठाव: १९.६ ते ५२.२. परत येणारा माल पार तळाशी, ३३.७ ते ३८.१, जेमतेम दिसेल एवढी पट्टी.

मीटिंगमध्ये यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. किंमत सगळ्यात महत्त्वाची, तिच्यावर लक्ष ठेवा, परत मालाची काळजी सोडा. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण या चार्टने सोलकढीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. दर १० टक्क्यांनी घसरला तर बाटलीमागचे २ रुपये ४० पैसे थेट नफ्यातून जातात, खर्चातला एक पैसाही सोबत कमी होत नाही. खप १० टक्क्यांनी घसरला तर विक्री जाते तसा खर्चही जातो, आणि गमावतो तो फक्त साडेसात रुपयांचा दहावा भाग. २४ भागिले साडेसात म्हणजे ३.२. दराची पट्टी खपाच्या पट्टीच्या नेमकी तेवढ्या पट लांब आहे. साबण घ्या, वह्या घ्या, जिथे सुटणारा पैसा विक्रीपेक्षा कमी असतो तिथे सरसकट १० टक्क्यांच्या चार्टमध्ये दरच खपाच्या वर बसणार. त्यासाठी कोकणात जायची गरज नव्हती.

मुळात दर ही अनिश्चित गोष्टच नव्हती. एमआरपी कंपनी स्वतः छापते. डळमळीत असतो तो फक्त मधल्या स्कीमचा भाग: वितरकाने एखादा टक्का जास्त मागितला, दुकानदाराला अधूनमधून बारावर एक फुकट द्यावी लागली, इतकंच. हाती २४ पासून साडेपंचवीसपर्यंत काहीही पडू शकतं, साडेबावीस नाही. उलट नारळाच्या बाबतीत १० टक्के म्हणजे थट्टाच. नारळाचा भाव कोकणात ठरत नाही, तो केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या पिकावर आणि खोबरेलाच्या मागणीवर ठरतो. २०२४ च्या उत्तरार्धापासून २०२५ च्या मध्यापर्यंत तो किती चढला हे ज्यांच्या घरात रोज नारळ फोडला जातो त्यांना सांगायला नको. एका गृहीतकाला त्याच्या स्वभावापेक्षा जास्त ताणलं आणि दुसऱ्याला कमी, की पट्ट्यांचा क्रम बिघडतोच. क्रम सूत्रातून कमी आणि तुम्ही दिलेल्या मर्यादांतून जास्त येतो. म्हणून खरं काम चार्ट काढण्याआधीचं असतं.

मर्यादा ठरवायची रूढ रीत निर्णयविश्लेषणातून आली आहे. ही शाखा रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये रुजवली. प्रत्येक गृहीतकासाठी तीन आकडे घ्यायचे: ज्याच्या खाली जाण्याची शक्यता शंभरात दहा, ज्याच्या वर जाण्याची शक्यता शंभरात दहा, आणि मधला. सगळ्यांना हाच एक गज लावला की पट्ट्यांची तुलना न्याय्य होते. अडचण अशी की माणसाला त्याचा अंदाज विचारला तर तो अरुंद पट्टाच सांगतो.

विक्री बघणाऱ्या गृहस्थांनी उठावाबद्दल सांगितलं, "महिन्याला पन्नास ते सत्तर. साठ धरा."

लेखापाल पहिल्या चार्टने थोडे सावध झाले होते. त्यांनी उलट विचारलं, "समजा, वर्षभराने आपण इथेच बसलोय आणि दुकानामागे पस्तीसच गेल्यात. काय झालं असेल?"

"पस्तीस? मग फ्रिजमध्ये जागा मिळाली नसणार. दुकानदार बाहेर रॅकवर ठेवतो ना. कोमट सोलकढी कोण घेणार हो?"

"आणि फ्रिज मिळणार नाही अशी दुकानं किती?"

ते जरा थांबले. "निम्मी तरी."

पस्तीस हा आकडा असा आला, आणि त्याला एक कारण चिकटलेलं होतं. वरच्या टोकालाही हेच विचारलं. ऐंशी गेल्या तर काय झालं असेल? हायवेवरची खानावळ, मासे-भाताचं हॉटेल, तिथे दिवसाला खोका जातो. माणसाला आधी टोकं विचारावीत, प्रत्येक टोकाला कारण मागावं, आणि मधला आकडा शेवटी. मधला आधी विचारला की माणूस त्याला धरून बसतो आणि टोकं त्याच्या भोवतीच फिरतात.

परत येणाऱ्या मालाची टोकं कारखान्यातून आली. सोलकढी तापवली की नारळाच्या दुधातली प्रथिनं कोकमाच्या आंबटपणात गोळा होतात, आणि न तापवता ठेवली तर टिकत नाही. कारखान्यात सहा महिने टिकलेली बाटली दुकानाच्या काचेत उन्हाला ठेवली तर तिचं वर साय, खाली पाणी होतं. ग्राहकाला ती नासकी वाटते, मग ती नासलेली असो वा नसो. म्हणून परत माल २ टक्क्यांपासून १२ टक्क्यांपर्यंत.

आता चार्ट पुन्हा काढला. आकडे लाखांत:

| गृहीतक | मर्यादा (मधला आकडा) | एनपीव्ही |
|---|---|---|
| नारळाचा भाव, रुपये | १८ ते ३६ (२४) | ७९.२ ते −५०.८ |
| दुकानामागे उठाव, बाटल्या | ३५ ते ८० (६०) | −३१.८ ते ७२.० |
| परत येणारा माल, टक्के | २ ते १२ (४) | ४६.७ ते −७.५ |
| दुकानांची संख्या | १,३०० ते १,६५० (१,५००) | १४.२ ते ५२.२ |
| हाती पडणारा दर, रुपये | २४ ते २५.५ (२५) | १५.१ ते ४६.३ |
| बाटली आणि खोका, रुपये | ४.२ ते ५ (४.५) | ४२.४ ते २५.१ |
| यंत्रणा, लाख | ८५ ते १०५ (९०) | ४०.० ते २३.५ |
| स्थिर खर्च, लाख | १६ ते २१ (१८) | ४१.० ते २८.२ |

पहिला असलेला दर पाचवा झाला. तळाचा परत माल तिसरा. सूत्र तेच, शीट तीच.

वटावाचा दर मुद्दाम टाकलेला नाही. तो १२ ते १६ केला तर एनपीव्ही ४४.३ ते २८.२ होतो, म्हणजे पट्टी यंत्रणेएवढीच येते. पण तो बाजारात घडणारी घटना नाही, मालकांनी भांडवलाकडून मागितलेला मोबदला आहे. त्याला नारळाच्या शेजारी बसवलं की वाचणाऱ्याला वाटतं उद्या तो चढेल. त्याची वेगळी ओळ लिहावी.

चार्ट काढण्याच्या तंत्राबद्दल थोडक्यात. प्रत्येक गृहीतकाच्या ओळीत खालचा, मधला, वरचा असे तीन आकडे ठेवावेत आणि शीटने कोणता वापरायचा हे एका खुणेवरून ठरवावं:

```
=CHOOSE(F5, C5, D5, E5)
```

`F5` मध्ये १, २ किंवा ३. हाताने आकडे बदलत बसलात तर एखादा परत मधल्यावर न्यायचा राहतोच, आणि त्यापुढच्या सगळ्या पट्ट्या खोट्या होतात. ओळखायचं कसं? प्रत्येक पट्टीनंतर सगळ्या खुणा २ वर आणा, एनपीव्ही ३५.९ च आला पाहिजे. चार्टसाठी दोन मालिकांचा आडवा बार चार्ट, `Series Overlap` १०० टक्के, `Categories in reverse order` वर खूण, आणि उभा अक्ष शून्यावर न ठेवता ३५.९ वर छेदायला लावायचा. शून्याची रेघ मात्र वेगळी, ठळक ओढावी. मालकाला बघायचं असतं ते हेच, की कोणती पट्टी शून्य ओलांडून पलीकडे जाते. रंग गृहीतकाच्या खालच्या-वरच्या टोकाप्रमाणे द्यावा, फायद्या-तोट्याप्रमाणे नाही. मग नारळाची पट्टी उठावाच्या उलट रंगात दिसते आणि कोणती गोष्ट वाढली तर बरं, कोणती वाढली तर वाईट, हे न सांगता कळतं.

उठावाच्या पट्टीत एक बारीक गोष्ट आहे. ६० चे ८० झाले तर नुसत्या त्रैराशिकाने एनपीव्ही ९०.१ यायला हवा, तक्त्यात मात्र ७२ आहे. कारण यंत्रणेची ताकद वर्षाला १२ लाख ६० हजार बाटल्यांची आहे, म्हणजे दुकानामागे ७०. तिसऱ्या वर्षापासून जास्तीची मागणी दारात उभी राहते, ती भागवता येत नाही. शीटमध्ये ही मर्यादा घालायची राहिली तर उजवी बाजू फुगते. एखाद्या चार्टमध्ये खपाची पट्टी दोन्ही बाजूंना अगदी प्रमाणात दिसली तर मी आधी विचारतो, कारखान्याची क्षमता कुठे लिहिली आहे?

आता मीटिंगचं मत बदललं: खरा धोका नारळ. हाही निष्कर्ष घाईचा होता, आणि तो दोन बाजूंनी ढासळतो.

पहिली बाजू. टोर्नेडो चार्ट एका वेळी एकच गोष्ट हलवतो. पण उठाव आणि परत माल एकमेकांपासून सुटे नाहीत. दुकानात बाटली पडून राहिली की तीच मुदत संपून परत येते. ज्या कारणाने उठाव ३५ वर येतो, म्हणजे फ्रिजमध्ये जागा नाही, त्याच कारणाने परत माल १२ टक्क्यांवर जातो. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पट्ट्यांत दाखवणं म्हणजे एकाच आजाराची दोन लक्षणं वेगळी मोजणं. त्या एकत्र हलवल्या तर खालचं टोक उणे ५७.१ आणि वरचं ८५.२. एकूण पल्ला १४२ लाखांचा, नारळाच्या १३० पेक्षा मोठा. ही जोडलेली पट्टी चार्टच्या डोक्यावर जाऊन बसली. ज्यांची दोरी एकच आहे त्या गृहीतकांची एकच पट्टी काढावी, हा नियम पाठ्यपुस्तकात तळटिपेत असतो, इथे त्याने पहिला नंबर बदलला.

दुसरी बाजू जास्त मजेशीर आहे. नारळ ३६ झाला तर एनपीव्ही उणे ५०.८, असं चार्ट म्हणतो. पण या आकड्यात असं गृहीत आहे की नारळ दीडपट झाला तरी मालक पाच वर्षं हाताची घडी घालून ४० रुपयांनाच बाटली विकत बसतील. तसं कोणी करत नाही. नारळ इतका चढला तर नारळपाणीवाल्यापासून सगळेच भाव वाढवतात. समजा एमआरपी ४५ केली, हाती २८ पडू लागले, आणि त्यामुळे उठाव दहावा भाग घटून ५४ वर आला. मग बाटलीमागे ६ रुपये ३८ पैसे सुटतात आणि एनपीव्ही उणे २.२ होतो. म्हणजे तो उणे आकडा जवळजवळ सगळा भरून निघतो. नारळाची पट्टी लांब होती त्यातला मोठा भाग मालकाच्या कल्पित निष्क्रियतेचा होता.

उठावाला असा उतारा नाही. दुकानात माल हलत नसेल तर किंमत वाढवून तो हलत नाही, आणि कमी करावी तर साडेसातच्या सुटीत जागा नाही. यंत्रणा एकदा बसवली की ९० लाख गेले.

तेव्हा पैसे घालण्याआधी कोणत्या पट्टीबद्दल आणखी माहिती मिळवता येईल, हा प्रश्न पुढे आला. नारळाच्या पाच वर्षांच्या भावाबद्दल कुणाला काही विचारून उपयोग नाही. उठावाबद्दल मात्र विचारायचीही गरज नाही, मोजता येतं. कोल्हापूरच्या बाजूला तापवणीची यंत्रणा असलेल्या एका कारखान्याकडून जॉबवर्कने माल भरून घ्यायचा आणि शंभर-सव्वाशे दुकानांत ठेवून बघायचा, असं ठरलं. दुकानं निवडताना निम्मी फ्रिजवाली, निम्मी रॅकवाली.

असा प्रयोग फसतो तो मोजण्यात. पहिल्या महिन्यात दुकानामागे ७२ बाटल्या गेल्या आणि कारखान्यात आनंदीआनंद झाला. पण त्या वितरकाकडून दुकानात गेल्या होत्या, दुकानातून गिऱ्हाइकाच्या हातात नाही. नव्या मालाची पहिली ऑर्डर म्हणजे नुसतं फडताळ भरणं. खरा उठाव म्हणजे दुकानदाराने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागितलेला माल, आणि तोही शेवटी शिल्लक किती हे मोजून. दुसरी फसगत ऋतूची. सोलकढी एप्रिल-मे मध्ये आपोआप जाते. तेव्हाचा आकडा वर्षाला लावला तर पावसाळ्यात तोंडघशी पडायला होतं. प्रयोग हिवाळ्यात सुरू करून उन्हाळ्यातून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत नेला आणि मग सरासरी काढली.

निकाल: दुकानामागे ५०. फ्रिजवाल्या दुकानांत त्याहून बरंच वर, रॅकवाल्यांत बरंच खाली, जसं विक्रीवाल्यांनी त्या पस्तीसच्या गोष्टीत सांगितलं होतं तसंच. मर्यादा आता ४४ ते ५८ इतकी आवळली. परत माल ४ टक्क्यांच्या आसपासच राहिला. मधला आकडा ५० धरला की स्वतःच्या यंत्रणेचा एनपीव्ही ३५.९ वरून ८.८ लाखांवर आला, आणि उठावाची पट्टी उणे ७.५ ते ३०.५ झाली.

८.८ हा धन आकडा आहे, म्हणून यंत्रणा घ्या, असं म्हणणारेही होते. पण प्रयोगाने एक नवा पर्याय समोर आणला होता, जो पहिल्या चार्टच्या वेळी कुणाच्या मनात नव्हता: जॉबवर्क तसंच चालू ठेवायचं. त्यात बाटलीमागे साडेतीन रुपये जास्त जातात, म्हणजे सुटतात फक्त चार. पण यंत्रणेचे ९० लाख वाचतात, साचे आणि क्रेट यांचे १० लाख पुरतात. बाकी सगळं तेच ठेवून ५० च्या उठावावर जॉबवर्कचा एनपीव्ही ११.९ येतो. ६० च्या उठावावर तो २६.३ असतो, यंत्रणेच्या ३५.९ पेक्षा कमी. दोन्ही रेषा ५२-५३ बाटल्यांच्या आसपास एकमेकींना छेदतात.

प्रश्न आता सोलकढी काढावी का असा नव्हता, स्वतः भरायची की भरून घ्यायची असा होता. म्हणून तिसरा चार्ट एनपीव्हीचा न काढता दोन पर्यायांतल्या फरकाचा काढला: यंत्रणेचा एनपीव्ही वजा जॉबवर्कचा. मधला आकडा उणे ३ लाख, म्हणजे किंचित जॉबवर्ककडे कल.

या चार्टमध्ये नारळाची पट्टी नाहीशीच झाली. बाटली कुठेही भरा, नारळ तितकाच लागतो आणि तितक्याच भावाने. तो दोन्ही बाजूंना सारखाच मारतो, वजाबाकीत उडून जातो. ज्या गृहीतकावर मीटिंगचे सगळ्यात जास्त तास गेले होते, त्याचा या निर्णयाशी संबंधच नव्हता. परत मालाचंही तेच. उरल्या चार पट्ट्या. दुकानांची संख्या १,३०० ते १,६५० केली तर फरक उणे ११.५ ते अधिक ३.३. उठाव ४४ ते ५८ केला तर फरक उणे १०.६ ते अधिक ७.१. यंत्रणेची किंमत ८५ ते १०५ लाख केली तर अधिक १.१ ते उणे १५.५. आणि सगळ्यात वर जॉबवर्कचा जादा दर: साडेतीनऐवजी पावणेतीन पडला तर उणे १६.६, साडेचार पडला तर अधिक १५.

पहिल्या दोन चार्टमध्ये हा दर कुठेही नव्हता. आणि तो नारळासारखा आभाळातून पडणारा नाही, समोर बसून ठरवायचा आहे. हिशेबाप्रमाणे जादा दर ३ रुपये ६७ पैशांवर गेला की दोन्ही पर्याय सारखे होतात, म्हणजे हातात फक्त सतरा पैशांची मोकळीक. मालकांनी यंत्रणेची ऑर्डर थांबवली, कोल्हापूरच्या कारखान्याशी दोन वर्षांच्या लेखी दराची बोलणी सुरू केली, आणि विक्रीवाल्यांना नवी दुकानं जोडण्याआधी फ्रिजमधली जागा किती दुकानांत मिळते ते बघायला सांगितलं. लेखापालांनी शीटमध्ये एक ओळ वाढवली: दर महिन्याला दुकानदारांनी पुन्हा मागितलेला माल, भागिले दुकानं. तो आकडा पावसाळा धरून वर्षभर ५३ च्या वर राहिला, तर यंत्रणेची फाइल परत उघडायची.